मागचा खेळ अर्धवट का सुटला?

प्रश्न : काका, आमच्या घरी कोणता खेळ चालेल हे तुम्ही इतकी वर्षे बरोबर कसे ओळखत होतात? आता दुकान बंद होणार, तर पुढे आमचे आम्हाला निवडता येईल असे काही सांगाल का?

मंडळी, उत्तर देण्याआधी मला तुम्हाला ही वही दाखवायची आहे. लाल कापडी बांधणीच्या अशा अकरा वह्या गल्ल्याखालच्या फळीवर आहेत. 1993 च्या दिवाळीत मी शनिवार पेठेत दुकान उघडले, तेव्हा पहिली वही उधारी लिहिण्यासाठी घेतली होती. दोनतीन महिन्यांतच लक्षात आले की उधारीपेक्षा दुसरेच काही लिहून ठेवायला हवे, आणि तेव्हापासून एका घराला एक पान असा क्रम पडला. पानाच्या डोक्यावर आडनाव, त्याखाली घरात कोण कोण आहे ते, मग तारीख आणि नेलेला खेळ. शेवटचा रकाना मी मुद्दाम रिकामा सोडत असे. तुम्ही पुन्हा दुकानात यायचात आणि सांगायचात, ‘काका, दोन दिवस खेळलो, मग धाकटा रडायला लागला आणि डबा माळ्यावर गेला,’ तेव्हा तो रकाना भरला जाई.

आज आभार मानायचे ते प्रामुख्याने त्या रकान्यासाठी. वस्तू घेऊन गेल्यावर ती घरात कशी वागली हे सांगायला दुकानाची पायरी पुन्हा चढण्याचे गिऱ्हाइकाला काहीच कारण नसते. तुम्ही चढलात, बिघडले ते तपशीलवार सांगितलेत, आणि एका घराने सांगितलेले पुढच्या दहा घरांच्या उपयोगी पडले. मी ओळखत होतो असे तुम्हाला वाटते, त्यातले निम्म्याहून अधिक तुमच्याच कोणीतरी मला आधी शिकवलेले होते.

आता निवडण्याविषयी. दुकानात येणारा माणूस बहुधा पहिल्या वाक्यातच मुलाचे वय सांगतो. वय विचारात घ्यावेच लागते, पण खोक्यावरचा आकडा एवढेच सांगतो की त्या वयाच्या मुलाला नियम समजतील. ते मूल कोणाबरोबर आणि कोणत्या वेळी खेळणार आहे, हे त्या आकड्यात नसते. म्हणून मी तीन गोष्टी विचारत असे. खेळायला खरोखर कोण कोण बसणार? कधी बसणार, म्हणजे रविवारी दुपारी की रोज रात्री जेवणानंतरच्या अर्ध्या तासात? आणि तिसरे, सर्वांत महत्त्वाचे, मागचा खेळ अर्धवट का सुटला? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे अनेकदा इच्छेपोटी दिली जातात. ‘आम्ही सगळे बसतो’ असे वडील सांगतात आणि शेजारी उभी असलेली मुलगी मान खाली घालते. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर मात्र घडलेल्या गोष्टीचे असते, त्यामुळे ते खरे येते.

याचे एक उदाहरण सविस्तर सांगतो. ते कुटुंब आज येथे बसले आहे आणि त्यांची परवानगी मी घेतलेली आहे. नारायण पेठेतले घर, आजी, आईवडील, अकरा वर्षांची मुलगी आणि सहा वर्षांचा मुलगा. वहिनी मे महिन्यात आल्या आणि म्हणाल्या, ‘व्यापार आणला होता, पण दर वेळी भांडणावरच संपतो, आता भांडण होणार नाही असे काहीतरी द्या.’ मी त्यांना विचारले की भांडण नेमके कधी सुरू होते. थोडा विचार करून त्या म्हणाल्या की सुरुवातीचा अर्धा तास सगळे छान असते. मग धाकट्याचे पैसे संपतात, तो बाद होतो, आणि बाकीचे तासभर खेळत राहतात.

येथे दोष मुलाच्या स्वभावाचा नव्हता. व्यापाराच्या जातीच्या खेळात ज्याच्याकडे जागा अधिक त्याच्याकडे भाडे अधिक येते आणि त्याच भाड्यातून तो आणखी जागा घेतो, त्यामुळे मध्यावर मागे पडलेला खेळाडू सहसा वर येत नाही. त्याला फक्त बाद होण्याची वाट पाहायची असते. मोठे माणूस ते सोसते, सहा वर्षांचे मूल सोसत नाही. त्यात घरोघरी दयेपोटी केलेले नियम असतात, दंडाचे पैसे मधे साठवून कोणाला तरी द्यायचे, बँकेकडून हवे तेवढे कर्ज घ्यायचे, आणि त्यामुळे खेळात पैसा वाढत जातो व जो खेळ तासात संपला असता तो तीन तास लांबतो. म्हणून त्या दिवशी मी वहिनींना काहीच विकले नाही. घड्याळ लावून पंचेचाळीस मिनिटे खेळा, वेळ झाली की ज्याच्या त्याच्या जागा आणि रोकड मोजा, अधिक असेल तो जिंकला, आणि बाद कोणालाही करू नका, एवढेच सांगितले. दोन आठवड्यांनी त्या आल्या. भांडण थांबले होते. पण दुसरी गोष्ट समोर आली होती. आजी खेळायला बसत नव्हत्या.

मी आजींना दुकानात घेऊन यायला सांगितले. त्या आल्या आणि मी त्यांच्या हातात पत्त्यांचा जोड दिला. पत्ते पिसताना त्यांचा चेहरा खुलला, कारण रमी त्या लग्नाआधीपासून खेळत होत्या. पण तेरा पाने पंख्यासारखी धरायची वेळ आली तेव्हा बोटांची पकड सुटू लागली आणि पानांच्या कोपऱ्यातले बारीक आकडे त्या डोळ्यांजवळ नेऊन पाहू लागल्या. खेळ त्यांना पूर्ण येत होता, हातांना तो पेलत नव्हता. हे घरात कोणाच्या लक्षात आले नव्हते, कारण आजी ‘मला कंटाळा येतो’ असे सांगत होत्या. ज्येष्ठ माणसे कंटाळा येतो म्हणतात तेव्हा त्यांना दिसत नाही, ऐकू येत नाही किंवा धरता येत नाही, हे मला वहीत वारंवार लिहावे लागले आहे.

त्यांना मी रमीक्यूब दिला. ज्यांनी तो पाहिलेला नाही त्यांच्यासाठी सांगतो : रमीच आहे, पण पानांऐवजी जाड फरश्या असतात. एक ते तेरा हे आकडे, चार रंगांत, प्रत्येक दोनदा, म्हणजे एकशे चार आणि दोन जोकर मिळून एकशे सहा. प्रत्येकाने चौदा फरश्या उचलायच्या आणि आपल्यासमोरच्या तिरक्या पट्टीवर उभ्या लावायच्या. हातात काहीही धरावे लागत नाही. पहिल्यांदा पटावर उतरताना लावलेल्या फरश्यांची बेरीज किमान तीस भरावी लागते, आणि एकदा उतरले की इतरांनी मांडलेल्या ओळीही मोडून पुन्हा जुळवता येतात. आजींना नियम पाच मिनिटांत समजले, कारण ओळ आणि तीनचा गट या दोन्ही गोष्टी त्यांच्या अंगवळणी पडलेल्या होत्या.

तरीही दोन अडचणी राहिल्याच. या खेळात लाल आणि नारिंगी आकडे पिवळ्या दिव्याखाली एकमेकांसारखे दिसतात. मी ते फळीवरच्या जुन्या पिवळ्या दिव्याखाली आजींना दाखवून तपासले आणि त्यांनी तीनदा गल्लत केली. तेव्हा लाल आकड्यांच्या प्रत्येक फरशीवर खालच्या कोपऱ्यात पक्क्या शाईच्या पेनाने एक ठिपका दिला. सव्वीस फरश्या, दहा मिनिटांचे काम. ही काळजी तुम्हीही घ्या : ज्या खेळात रंगावरून निर्णय घ्यायचा असतो तो घरी ज्या दिव्याखाली खेळणार त्याच दिव्याखाली एकदा उघडून पाहा, आणि घरातल्या कोणाला, विशेषतः मुलग्यांना, लाल व हिरवा ओळखताना गोंधळ होतो का, हे खेळायला बसण्यापूर्वीच पाहा. एरवी ते मूल पटावर सतत चुकत राहते आणि घरचे त्याला निष्काळजी समजतात.

दुसरी अडचण धाकट्याची होती. खोक्यावर आठ वर्षे लिहिलेले होते आणि तो सहाचा होता. ओळी मोडून पुन्हा जुळवणे त्याला झेपणार नव्हते. म्हणून त्याला आजींचा जोडीदार केला. फरशी उचलणे, पट्टीवर लावणे आणि आजी बोट दाखवतील तेथे पटावर ठेवणे ही त्याची कामे. आजींचे हात वाचले आणि त्याला प्रत्येक फेरीत काहीतरी करायला मिळाले. फेऱ्या लांबू नयेत म्हणून एका मिनिटाचे वाळूचे घड्याळ सोबत दिले. वहीतल्या नोंदीप्रमाणे दीड वर्षाने तो मुलगा स्वतःची पट्टी मागू लागला आणि तेव्हा आजींनी तक्रार केली की आता मला जोडीदार नाही. मग त्यांना अष्टाचंगाचा पट दिला, कवड्या आणि मोठ्या लाकडी सोंगट्यांसह. चार कवड्या टाकायच्या, चारही उताण्या पडल्या तर चार, चारही पालथ्या पडल्या तर आठ, आणि या दोन्ही दानांना पुन्हा टाकायला मिळते. फुलीच्या घरात सोंगटी मारता येत नाही. दान नशिबाचे असले तरी कोणती सोंगटी चालवायची हे ठरवावे लागते, आणि म्हणूनच साठ वर्षांच्या अंतराचे दोन खेळाडू या पटावर बरोबरीने बसतात. सापशिडीत तेवढेही ठरवायचे नसते. मुलाला साडेसहासातव्या वर्षी ते कळते आणि त्या दिवसापासून तो सापशिडीला हात लावत नाही. आईवडिलांना वाटते की त्याचे खेळातले मन उडाले, प्रत्यक्षात त्याला निर्णय घ्यायची इच्छा झालेली असते.

आता माझी एक चूक सांगतो, कारण तिच्यातून मला बरेच शिकायला मिळाले. कोथरूडमधले एक गृहस्थ आले आणि म्हणाले, ‘आमच्याकडे मुले हरली की पट उधळतात, त्यामुळे कोणी हरणारच नाही असे द्या.’ मी विचार केला की सर्वांनी एका बाजूने खेळायचे असे सहकाराचे खेळ आहेत, त्यातला एक द्यावा. पॅन्डेमिक हा 2008 साली आलेला खेळ मी दिला. जगभर पसरणाऱ्या रोगांवर सर्व खेळाडूंनी मिळून औषध शोधायचे, एकत्र जिंकायचे किंवा एकत्र हरायचे. खेळ उत्तम आहे. पण महिन्याने त्या घरातली मुलगी एकटीच दुकानात आली आणि म्हणाली, ‘काका, बाबाच सगळ्यांचे खेळतात.’ पत्ते सर्वांसमोर उघडे असल्यामुळे जो सर्वांत अधिक समजतो तो प्रत्येकाला कोठे जायचे ते सांगतो, आणि बाकीचे त्याच्या सोंगट्या हलवणारे मदतनीस होतात. मी ‘मागचा खेळ का सुटला’ हे विचारले होते, परंतु उत्तर एकाच माणसाचे ऐकले होते. मुले हरल्यामुळे पट उधळत नव्हती. त्यांची पाळी दुसरा कोणीतरी खेळत होता म्हणून उधळत होती.

तो खेळ परत घेऊन मी त्यांना हानाबी दिला. पन्नास पत्त्यांची लहानशी डबी असते. सहकार त्यातही आहे, पण पत्ते उलटे धरायचे असतात : माझे पत्ते तुम्हाला दिसतात आणि मला दिसत नाहीत. तुम्ही मला सूचना देऊ शकता, पण फक्त एका रंगाची किंवा एका आकड्याची, जसे की ‘हे दोन पत्ते निळे आहेत’, आणि अशा सूचनाही मोजक्याच असतात. कोणता पत्ता टाकायचा हे ज्याचे त्यालाच ठरवावे लागते. घरातला सर्वांत हुशार माणूससुद्धा स्वतःच्या पत्त्यांविषयी आंधळा असतो आणि त्याला आठ वर्षांच्या मुलीच्या सूचनेवर विसंबावे लागते. त्या गृहस्थांनी नंतर मला सांगितले की मुलीने इतका नेमका विचार करून बोललेले त्यांनी त्याआधी कधी ऐकले नव्हते. ते वाक्य मी वहीत जसेच्या तसे उतरवून ठेवले आहे. तेव्हापासून शक्य असेल तेथे मी मुलांना वेगळे विचारत आलो आणि मोठ्यांना तेवढा वेळ कॅरमच्या बोर्डाकडे पाठवत आलो.

कॅरमवरून आठवले. सर्व खेळ बोलण्यासाठी नसतात. एका घरात वडील आणि दहावीतला मुलगा यांचे बोलणे जवळजवळ थांबले होते. आई येऊन म्हणाली, ‘दोघांना एकत्र बसवील असे काही आहे का?’ शब्दांचे किंवा प्रश्नांचे खेळ तेथे उपयोगाचे नव्हते, कारण त्यांत बोलावे लागते. मी कॅरम सुचवला. समोरासमोर बसावे लागते, नजर बोर्डावर राहते आणि ‘कव्हर घे’ किंवा ‘फाऊल’ यापलीकडे काही बोलले नाही तरी तासभर जातो. त्यांची खोली दहा बाय दहाची होती. पूर्ण बोर्डाची खेळायची बाजू चौऱ्याहत्तर सेंटिमीटर असते, आणि चौकट धरली की पलंग व कपाट यांच्या मधे तो मावेल का हे मोजावे लागते. मी त्यांना दोरी देऊन आधी घरी मोजून यायला सांगितले. मोठा बोर्ड मावत असेल तर तो घ्यावा, कारण छोट्या बोर्डावर मोठ्या माणसाचा हात आखडतो. मात्र सातआठ वर्षांच्या मुलासाठी नेमके उलटे आहे. त्याचा हात समोरच्या सोंगटीपर्यंत पोचत नाही आणि तो उठून बोर्डावर ओणवा होतो.

बोर्ड घेताना मी जे करतो ते तुम्हीही करू शकता. बोर्डाची समपातळी पाहण्याचे साधन नसले तरी चालते. बोर्ड सपाट टेबलावर ठेवून, पावडर न टाकता, स्ट्रायकर एका बाजूने मध्यम जोराने सरळ मारावा आणि तो समोरच्या चौकटीवरून त्याच रेषेत परत येतो का ते पाहावे. मग हाच प्रयोग दुसऱ्या दोन बाजूंनी करावा. येताना तो एकाच कडेला झुकत असेल तर प्लायवूडला बाक आहे, आणि तो बाक पुढच्या पावसाळ्यात वाढतो. एका वर्षी मला असे बाक आलेले चौदा बोर्ड पुरवठादाराकडून आले होते. मी ते विकले नाहीत. पावडर चिमूटभरच वापरावी, आणि बोरिकची असेल तर लहान मुलांच्या तोंडात जाणार नाही अशा जागी ठेवावी.

त्या घरात खेळ सुरू आहे हे मला कोणी सांगितले नाही. आई तीन आठवड्यांनी आली आणि पावडरचा एक डबा घेऊन गेली. पुढच्या महिन्यात मुलगा आला आणि थोडा जड स्ट्रायकर मागू लागला. मी वजन करून पंधरा ग्रॅमच्या आतला दिला, कारण स्पर्धेत त्याहून जड चालत नाही. नंतर वडील आले, त्यांनाही तसाच हवा होता. वहीच्या रकान्यात मी फक्त ‘पावडर, स्ट्रायकर, स्ट्रायकर’ असे लिहिले आहे. खेळ चालला की माणसे सुटे भाग मागायला येतात. पटावरचा हिशेबाचा कागद संपतो, फासा कोचाखाली जातो, कवडी फुटते. जो खेळ कपाटात गेला त्याचे काहीच हरवत नाही. म्हणून सुट्या भागांत नफा नसतानाही मी ते शेवटपर्यंत ठेवले.

रांगते मूल घरात असेल तर आणखी एक पाहावे. खोक्यावर तीन वर्षांखालील मुलांसाठी नाही असा इशारा असतो, पण थोरल्याचा खेळ जमिनीवर पसरलेला असतो आणि धाकटे तेथेच फिरत असते. सुमारे बत्तीस मिलिमीटर आतल्या रुंदीच्या नळीत जी वस्तू पूर्ण मावते ती घशात अडकू शकते. जाड कागदाची तेवढी नळी करून सोंगट्या त्यात टाकून पाहाव्यात. शिवाय 1 जानेवारी 2021 पासून आपल्याकडे खेळण्यांवर आयएसआय चिन्ह असणे बंधनकारक आहे. ते नसेल तर वस्तू घेऊ नये.

तुमच्यापैकी अनेकांनी विचारले की या वह्यांचे मी काय करणार. त्या मी कोणाला देणार नाही, कारण त्यांत तुमच्या घरातल्या गोष्टी आहेत. मात्र ज्या घराला स्वतःचे पान हवे असेल त्यांना मी ते आज सोडवून देईन. काही पानांवर आता पणजीपासून पणतीपर्यंत चार पिढ्यांची नावे आहेत. ज्या आजींची गोष्ट सांगितली त्यांचे पान त्यांच्या नातीने सकाळीच मागून घेतले. तिला आता स्वतःची मुलगी आहे, आणि ठिपके दिलेला तो रमीक्यूब अजून वापरात आहे, दोन फरश्या कमी आहेत एवढेच. त्या दोन मी शोधून ठेवल्या आहेत, एक लाल सात आणि एक काळा बारा. सातवर ठिपका मी देऊनच आणला आहे.

दाराजवळच्या टेबलावर तीन डबे आहेत. एकात फासे आणि कवड्या, दुसऱ्यात कॅरमच्या सोंगट्या, तिसऱ्यात वाळूची घड्याळे, फरश्या, बुद्धिबळाची प्यादी आणि ज्यांचे खेळ आता मिळत नाहीत असे सुटे तुकडे. घरी काय कमी आहे ते आठवून पाहा आणि जाताना घेऊन जा. पैसे ठेवू नका.